नवी बॅटरी दोन महिन्यांत फुगली: दुरुस्तीच्या दुकानाला तक्रारपत्र लिहिताना पडणारे प्रश्न

आधी पत्र लिहू की आधी फोनचं काहीतरी करू?

आधी फोन. चार्जिंगला लावलेला असेल तर पिन काढा, फोन बंद करा आणि पुन्हा चार्जिंगला लावू नका. फरशीवर किंवा दगडी ओट्यावर, कागद, कापड, गादी यांच्यापासून लांब ठेवा. उन्हात ठेवू नका आणि फ्रीजमध्येही ठेवू नका. वर आलेलं झाकण किंवा स्क्रीन दाबून पुन्हा बसवायचा मोह होतो, तो टाळा. आतल्या पिशवीसारख्या सेलमध्ये दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये फार पातळ पडदा असतो. दाबामुळे तो एका जागी जरी फाटला तरी आत शॉर्ट होतो आणि सेल पेट घेऊ शकतो. सुईने भोक पाडून 'हवा काढण्याचे' व्हिडिओ पाहण्यात येतात. ते कधीही करू नका. आतला वायू पेटू शकतो आणि आत शिरलेली हवेतली ओल परिस्थिती आणखी बिघडवते.

फोन गरम लागत असेल, गोडसर किंवा रंगाच्या थिनरसारखा वास येत असेल, सूं असा आवाज किंवा धूर येत असेल, तर त्याच्याजवळ थांबू नका. सगळ्यांना खोलीबाहेर काढा आणि अग्निशमन दलाला कळवा. तो धूर विषारी असतो.

यातलं काही नसेल, फोन थंड असेल आणि आत थोडं चार्जिंग उरलं असेल, तर बंद करण्याआधी महत्त्वाचे फोटो आणि नंबर वायरलेस पद्धतीने दुसरीकडे घेता येतात. मात्र त्यासाठी चार्जर लावावा लागणार असेल तर तो विचार सोडा.

बॅटरी खरंच फुगली आहे की मागच्या झाकणाचा गोंद सुटला आहे, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न पत्राआधी सोडवायलाच हवा, कारण दुकानदाराचं पहिलं उत्तर बहुधा "गोंद सुटलाय, दाबून देतो" असंच येतं. आणि कधीकधी ते खरंही असतं. बॅटरी बदलताना झाकण काढून नव्या गोंदाने चिकटवलेलं असतं. पृष्ठभाग नीट साफ केला नसेल किंवा गोंद पकडेपर्यंत पुरेसा दाब दिला नसेल, तर महिन्याभरात कडा उघडते.

एक सरळ पट्टी घ्या आणि फोनच्या मागच्या बाजूवर आडवी टेकवा. मूळचं झाकण सपाट असेल तर पट्टी पूर्ण बसायला हवी. पट्टी मधोमध टेकते आणि दोन्ही बाजूंना फट राहते, म्हणजे पोट वर आलं आहे आणि बहुधा बॅटरी फुगली आहे. पट्टी नीट बसते पण एका कडेला झाकण सुटलं आहे, तर गोंदाची शक्यता जास्त. ज्यांच्या फोनचं झाकण मुळातच गोलसर आहे त्यांनी पट्टी बॅटरीच्या जागेवर, मग तिच्या खाली आणि वर अशी सरकवत पाहावी. फुगवटा फक्त बॅटरीच्या जागी असतो.

काही फोनमध्ये बॅटरी मागे न ढकलता स्क्रीनला ढकलते. मग स्क्रीनची एक बाजू चौकटीतून वर येते, पांढऱ्या पडद्यावर उजळ डाग दिसतो, किंवा टच एका भागात नीट चालत नाही. फोन सपाट टेबलावर ठेवला की डुगडुगतो, बाजूचं बटण अडकतं, याही त्याच्याच खुणा आहेत.

फोटो किती आणि कसे काढायचे?

थोडे पण कामाचे. पट्टी टेकवलेला फोन बाजूने, डोळ्याच्या पातळीवरून, म्हणजे पट्टीखालची फट दिसेल. मागून एक, समोरून एक. फटीपाशी जवळून एक. फोटो दुसऱ्या फोनने काढा, म्हणजे त्यात तारीख आपोआप नोंदली जाते. कव्हर काढूनच फोटो घ्या. कव्हरमुळे फुगवटा लपतो आणि कव्हर घातल्यानेच असं दिसतंय, हे म्हणायला जागाही राहते.

सोबत दुरुस्तीची पावती किंवा जॉब कार्डचा फोटो ठेवा. तो फोन आपलाच आहे हे दाखवण्यासाठी आयएमईआय क्रमांक लागतो. फोन सुरू असताना `*#06#` डायल केला की तो दिसतो. फोन बंद केला असेल तर खोक्यावर किंवा खरेदीच्या बिलावर पाहा. क्रमांकासाठी फोन पुन्हा सुरू करू नका.

बॅटरी का फुगली, हे पत्रात लिहावं का?

नाही. माझ्या मते अशा पत्रांचं सर्वाधिक नुकसान इथेच होतं. ग्राहक लिहितो, "तुम्ही नकली बॅटरी बसवली." आता वाद बॅटरी फुगली की नाही यावरून हलून ती नकली आहे की नाही यावर जातो, आणि ते सिद्ध करण्याचं साधन ग्राहकाकडे नसतं. दुकानदार दुखावतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

तुम्हाला जे पक्कं माहीत आहे ते लिहा: कोणत्या तारखेला बॅटरी बसवली, कोणत्या तारखेला फुगवटा दिसला, काय दिसतं आहे, मधल्या काळात फोन कसा वापरला. कारण शोधायची जबाबदारी दुकानावर टाका आणि ते लेखी मागा.

तरीही कारणं स्वतःला माहीत असावीत, म्हणजे समोरचं उत्तर तपासता येतं. फोनमधला लिथियम-आयन सेल ही अॅल्युमिनियमचा थर असलेली, हवाबंद केलेली मऊ पिशवी असते. आतलं इलेक्ट्रोलाइट बिघडलं की कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन आणि काही हायड्रोकार्बन वायू तयार होतात. त्यांना बाहेर जायला वाट नसते, म्हणून पिशवी फुगते. वापराने जुन्या होत गेलेल्या सेलमध्येही हे हळूहळू होतं, पण त्याला सहसा वर्षं लागतात. रोज एकदा पूर्ण चार्ज केलं तरी दोन महिन्यांत साधारण साठ फेऱ्या होतात. फोनच्या बॅटऱ्या काही शे फेऱ्यांसाठी बनवलेल्या असतात. म्हणून साठ फेऱ्यांत डोळ्यांना दिसेल इतका फुगवटा आला तर 'वापरून झिजली' हे कारण पटत नाही. कुठेतरी दोष, इजा किंवा चुकीची जोडणी शोधावी लागते.

दोष सेलमध्ये असू शकतो: बनवताना आत ओल राहिली असेल, किंवा बॅटरी दुकानाच्या फळीवर फार काळ पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली असेल. व्होल्टेज फार खाली गेलं की आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो आणि तसा सेल नंतर चार्ज केला की बिघडतो. इजा बसवताना होऊ शकते: जुना चिकट गोंद सोडवायला वापरलेल्या पत्र्याची टोचणी, नवी बॅटरी बसवताना पडलेला बाक, किंवा खाली राहून गेलेला बारीक स्क्रू.

"तुम्ही दुसरा चार्जर वापरला म्हणून फुगली," असं सांगितलं तर?

हे उत्तर हमखास येतं, म्हणून जरा खोलात जाऊ. बहुतेक फोनमध्ये चार्जर सेलला थेट वीज देत नाही. तो फोनला ५ व्होल्ट देतो, जलद चार्जिंगमध्ये फोनशी ठरवून बहुधा ९ किंवा त्याहून जास्त. पुढे फोनच्या मदरबोर्डवरची चार्जिंगची चिप ती वीज सेलला झेपेल अशा व्होल्टेजवर आणते आणि सेल भरला की थांबवते. शिवाय बॅटरीच्या तोंडाशी तिची स्वतःची छोटी संरक्षक पट्टी असते. वाईट चार्जरमुळे फोन तापू शकतो, चार्जिंगची चिप जळू शकते. पण फोन नीट चार्ज होतो आहे, बंद पडत नाही, आणि फक्त नवी बॅटरी दोन महिन्यांत फुगली, तर एकट्या चार्जरवर बोट ठेवणं कमकुवत आहे.

याच यंत्रणेतून एक वेगळा, जास्त महत्त्वाचा प्रश्न निघतो. चिप सेल किती व्होल्टपर्यंत भरायचा हे फोनच्या मूळ बॅटरीप्रमाणे ठरलेलं असतं. जुन्या पद्धतीच्या सेलची मर्यादा ४.२ व्होल्ट असते; अलीकडच्या बऱ्याच फोनची ४.४ व्होल्टच्या आसपास. ४.४ पर्यंत भरणाऱ्या फोनमध्ये ४.२ चा सेल बसवला, तर संरक्षक पट्टीने अडवलं नाही तर तो रोज मर्यादेपेक्षा जास्त भरला जातो. फरक छोटा दिसतो, पण सेलसाठी तो मोठा आहे आणि त्यातून वायू होतो. ही मर्यादा बॅटरीच्या लेबलवर `Limited Charge Voltage` अशी छापलेली असते. म्हणून लेबलचा फोटो मागणं फार उपयोगाचं ठरतं.

पत्रात तुम्ही कोणता चार्जर वापरता ते एका वाक्यात सरळ लिहा. वाद घालू नका.

सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ ९८% दाखवत होती. मग ती चांगली आहे असं दुकानदार म्हणतो.

तो आकडा बॅटरी किती वीज साठवू शकते याचा अंदाज आहे. आत वायू किती झाला हे मोजणारं काहीच फोनमध्ये नसतं. फुगलेला सेलही काही काळ पूर्ण क्षमता दाखवतो. शिवाय बाहेरची बॅटरी बसवल्यावर काही फोन हा आकडा दाखवतच नाहीत किंवा भाग ओळखता आला नाही असा संदेश देतात. ९८% हा पुरावा कुणाच्याच बाजूने धरू नका.

पावतीवर "फिजिकल डॅमेजला वॉरंटी नाही" लिहिलं आहे. फुगणं त्यात येतं का?

ही अट पडणं, चिरडणं, पाणी जाणं अशा बाहेरून झालेल्या इजेसाठी असते. फुगवटा आतून येतो. बॅटरीवर दबल्याची खूण, टोचणी किंवा ओल सापडली तरच ही अट लावता येईल, आणि तशी खूण असली तरी ती कधी पडली हा प्रश्न उरतो, कारण बॅटरीला शेवटचा हात दुकानाने लावला होता. पत्रात एवढंच लिहा: बाहेरून इजा झाल्याचं आपलं म्हणणं असेल, तर ती जागा मला दाखवावी आणि तिचा फोटो द्यावा.

पावतीवर "बॅटरी फुगल्यास वॉरंटी नाही" असं अगदी स्पष्ट लिहिलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मग वॉरंटीचं नाव न घेता, साठ दिवसही न टिकलेला भाग सदोष होता या मुद्द्यावर पत्र उभं करा.

मधे एकदा फोन हातातून पडला होता. हे लिहावं का?

लिहावं. फोन उघडला की कोपऱ्यावरचा दणका, वाकलेली चौकट दिसते. आतमध्ये ओल ओळखणारे छोटे पांढरे ठिपके असतात, ते पाणी लागलं की लाल किंवा गुलाबी होतात. तुम्ही लपवलं आणि ते सापडलं तर पत्रातल्या बाकी खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. "अमुक सुमारास फोन साधारण टेबलाच्या उंचीवरून पडला, काच फुटली नाही, त्यानंतर फोन नीट चालू होता" इतकं पुरे. आणि बॅटरी बदलण्याच्या आधी पडला असेल तर तेही सांगा, कारण ती खूण दुकानाने त्या वेळी पाहिलेली असणार.

मागणी काय करायची?

"योग्य ती कारवाई करावी" असं लिहिलं तर काहीच मागितलं नाही असं होतं. नेमकं मागा. पहिली मागणी बॅटरी विनामूल्य बदलून देण्याची, किंवा दुसरी बसवून घ्यायचा विश्वास राहिला नसेल तर बॅटरी आणि मजुरीचे पैसे परत करण्याची. दोन्हींपैकी एक आधी ठरवा. दुसरी मागणी बहुतेक जण विसरतात: फुगवट्याने स्क्रीन, झाकण, चौकट यांना काही झालं असेल तर त्याची तपासणी आणि दुरुस्ती. स्क्रीनवर आलेला डाग बॅटरी काढल्यावर जातोच असं नाही. तिसरी, नकार असेल तर कारण लेखी. आणि उत्तरासाठी एक तारीख. सात दिवस रास्त वाटतात. फोन वापराविना पडून आहे हे लक्षात घेता त्याहून जास्त देऊ नये.

पूर्ण पत्राचा नमुना मिळेल का?

१४ मार्चला बॅटरी बदलली आणि ९ मेला, म्हणजे ५६ दिवसांनी, फुगवटा दिसला अशा ग्राहकाचं हे पत्र आहे. तपशील आपापले घाला.

> दिनांक: ११ मे
>
> प्रति,
> मालक / व्यवस्थापक,
> (दुकानाचे नाव आणि पत्ता)
>
> विषय: १४ मार्च रोजी बदललेली बॅटरी फुगल्याबाबत. जॉब कार्ड क्र. (…), फोनचे मॉडेल (…), आयएमईआय (…)
>
> महोदय,
>
> वरील फोनची बॅटरी मी १४ मार्च रोजी आपल्या दुकानातून बदलून घेतली. पावतीवर बॅटरीसाठी सहा महिन्यांची वॉरंटी लिहिलेली आहे. पावतीची प्रत सोबत जोडली आहे.
>
> ९ मे रोजी सकाळी फोनचे मागचे झाकण डाव्या बाजूने उचलले गेल्याचे दिसले. सरळ पट्टी टेकवली असता ती बॅटरीच्या जागी टेकते आणि दोन्ही बाजूंना फट राहते. स्क्रीनच्या मध्यभागी उजळ डागही दिसतो. तो यापूर्वी नव्हता. फोटो सोबत आहेत. त्याच दिवशी मी फोन बंद केला. तेव्हापासून तो चार्ज केलेला किंवा दुसऱ्या कोणाकडे उघडलेला नाही.
>
> फोनसोबत आलेला मूळ चार्जरच मी वापरते. फोन पाण्यात पडलेला नाही. एप्रिलच्या सुरुवातीला तो एकदा टेबलावरून पडला होता. तेव्हा काच किंवा चौकट यांना काही झाले नव्हते आणि फोन नीट चालू होता.
>
> माझी विनंती अशी:
>
> फोन माझ्यासमोर उघडावा आणि काढलेल्या बॅटरीच्या दोन्ही बाजूंचे व लेबलचे फोटो मला द्यावेत. या फोनला योग्य अशी नवी बॅटरी विनामूल्य बसवून द्यावी आणि तिची वॉरंटी बसवल्याच्या तारखेपासून नव्याने धरावी. स्क्रीन, झाकण व चौकट तपासून फुगवट्यामुळे झालेले नुकसान दुरुस्त करून द्यावे.
>
> यापैकी काही मान्य नसेल तर त्याचे कारण लेखी कळवावे. १८ मेपर्यंत आपले उत्तर अपेक्षित आहे. फुगलेली बॅटरी धोकादायक असल्याने फोन आणण्यासाठी सोयीची वेळ लवकर कळवावी.
>
> आपली विश्वासू,
> (नाव, सही, संपर्क क्रमांक)
>
> सोबत: पावतीची प्रत, चार फोटो

बॅटरी का फुगली याचा निर्वाळा न देता या पत्रात जे दिसतं तेच लिहिलं आहे. 'दुसऱ्या कोणाकडे उघडलेला नाही' हे वाक्य छोटं आहे, पण काढून टाकू नका. बाहेर उघडलेला फोन ही वॉरंटी नाकारण्याची सगळ्यात सोपी वाट असते. म्हणून पत्र देण्याआधी "जरा बघून दे" म्हणून दुसऱ्या दुकानात नेऊही नका.

पावतीच नाही. मग?

पैसे दिल्याची बँकेची किंवा मोबाइल पेमेंटची नोंद, दुकानाशी झालेले मेसेज, फोन तयार झाल्याचा निरोप, यांतलं काहीही तारीख दाखवायला चालतं. रोख दिले असतील तर दुकानाच्या वहीत आयएमईआयवरून नोंद शोधायची विनंती पत्रातच करा.

पत्र हातात द्यायचं की मेसेजवर पाठवायचं?

दोन्ही. दोन प्रती न्या, एकीवर सही, तारीख आणि शिक्का घेऊन पोच म्हणून ठेवा. पोच द्यायला नकार दिला तर तिथूनच पत्राचा आणि फोटोंचा मेसेज किंवा ईमेल पाठवा.

दुकान दुसऱ्या शहरात आहे. फोन कुरिअर करू का?

नको. खराब झालेल्या लिथियम बॅटऱ्या विमानाने पाठवण्यावर आंतरराष्ट्रीय नियमांत बंदी आहे आणि रस्त्यानेही त्यांना खास पॅकिंग लागतं. साध्या पाकिटात असा फोन टाकणं म्हणजे वाटेतल्या लोकांना धोक्यात घालणं. पत्र आणि फोटो पाठवा आणि जवळच्या दुरुस्ती करणाऱ्याकडून बॅटरी काढून घेण्याला त्यांची लेखी संमती मागा. संमती येईपर्यंत थांबणं अवघड आहे, पण फोन अजून फुगत असेल तर थांबू नका. सगळ्या टप्प्यांचे फोटो घेत बॅटरी काढून घ्या आणि तसं कळवा.

समोर फोन उघडताना मी काय पाहू?

तीन गोष्टी. बॅटरीची खालची बाजू: दाबलेली रेघ, टोचणी, स्क्रूचा ठसा आहे का. ओल ओळखणारा ठिपका: अजून पांढरा आहे का. आणि लेबल.

लेबलवर क्षमता, व्होल्टेज आणि ऊर्जा अशा तीन संख्या असतात आणि त्या एकमेकींशी जुळायला हव्यात. ४००० एमएएच आणि ३.८५ व्होल्ट लिहिलं असेल तर ४ गुणिले ३.८५, म्हणजे १५.४ वॅट-तास यायला हवेत. तिथे १३ लिहिलं असेल तर लेबल काळजीपूर्वक छापलेलं नाही, आणि आतल्या सेलबद्दलही शंका घ्यायला जागा आहे. मूळ बॅटरीची चार्जिंग मर्यादा त्याच मॉडेलच्या मूळ बॅटरीच्या फोटोवरून पडताळता येते. नव्या बॅटरीवर कमी आकडा असेल तर कारण बहुतेक तुमच्यासमोरच आहे. बनवल्याची तारीख असेल तीही टिपा. सेल दोन-तीन वर्षं जुना निघाला तर फळीवर पडून राहिल्याची शक्यता मोठी.

उघडताना कारागिराला घाई करू नका आणि फार जवळ वाकून पाहू नका. फुगलेला सेल गोंदातून सोडवणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक पाऊल आहे.

काढलेली बॅटरी पुरावा म्हणून घरी आणू का?

फोटो पुरेत. घरी आणू नका, कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच नाही. दुकानाने ती ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावी आणि तोपर्यंत तोंडाशी टेप लावून वेगळी ठेवावी. वाद मिटलेला नसेल तर "निर्णय होईपर्यंत बॅटरी नष्ट करू नये" एवढं लेखी द्या.

बदलून दिलेली बॅटरीही फुगली तर?

मग त्याच कारणासाठी तिसरी बॅटरी मागू नका. एकाच फोनमध्ये दोन वेगळे सेल लागोपाठ फुगले तर संशय दोन ठिकाणी जातो: दोन्ही एकाच सदोष मालातले असावेत, किंवा फोनची चार्जिंगची चिप जास्त व्होल्टेज देत असावी. पहिलं असेल तर पैसे परत मागा. दुसरं तपासायला मीटरने पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचं व्होल्टेज मोजावं लागतं आणि ते लेबलवरच्या मर्यादेशी ताडून पाहावं लागतं. हे मोजमाप जमणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या आणि तोवर तो फोन वापरू नका. दुसऱ्या पत्रात पहिल्या पत्राची आणि त्याच्या पोचेची तारीख वरच लिहा, म्हणजे सगळी हकिकत पुन्हा सांगावी लागत नाही.